पडद्याने खाल्लेला चुडा

सामरवरणी
१८ नोव्हेंबर

अहो,

मायना काय लिहावा हे ठरवता ठरवता चहा गार झाला, म्हणून मायन्याशिवायच सुरू करते. फोनवर तुम्हाला धड ऐकू येत नाही. तुम्ही नुसतं "हं, हं" करता आणि मग वहिनी फोन घेऊन सांगतात, "भाऊजी बरे आहेत." बरे आहेत हे मला वहिनींकडून कशाला ऐकायचं? पत्र तरी तुम्हाला स्वतःच वाचावं लागेल.

मारुतीच्या देवळाची भिंत रंगवून पंधरा दिवसांत येतो, असं सांगून गेलात. गणपती झाले, दिवाळी झाली. तळोद्याचा मारुती एवढा मोठा आहे का? गावाकडून ये-जा करणारा लखन परवा बसने आला, तो म्हणाला, भिंत केव्हाच झाली, आता काका शाळेच्या कंपाउंडवर मोर काढतायत. काढा. मोरांना माझी ना नाही.

इथे सगळं छान चाललं आहे. लग्नाचा हंगाम सुरू होतोय. सायली गावच्या कारखान्यांतली पोरं सुट्टीच्या दिवशी फोटोसाठी आपल्या दुकानापुढे रांग लावतात. फोटोत मागे कुणाला विमान हवं, कुणाला समुद्र, कुणाला बर्फ. एकाने बर्फात हाफ शर्टावर फोटो काढला. मी म्हटलं, अरे थंडी वाजेल की. तर म्हणतो, "काकी, गाँव में सबको मालूम है मला थंडी नाही वाजत."

तुम्हाला वाटत असेल, बटण दाबलं की झालं. तसं नाही हो. हिरवं कापड ताणून लावावं लागतं, एकही चुणी चालत नाही, कारण चुणीच्या सावलीतला हिरवा वेगळा आणि उजेडातला वेगळा. कापडावर दोन दिवे वेगळे, माणसावर वेगळे. माणसाला कापडापासून चांगलं हात-दोन हात पुढे उभं करायचं, नाहीतर कापडाचा हिरवा उजेड त्याच्या मानेवर आणि कानांवर चढतो आणि माणूस कावीळ झाल्यासारखा दिसतो. मग संगणकात तो हिरवा निवडायचा. त्याच्या आसपासचा किती हिरवा काढून टाकायचा याची एक पट्टी असते, ती सरकवायची. कमी सरकवली तर केसांभोवती हिरवी कड राहते. जास्त सरकवली तर केसच निघून जातात. रोज कुणाचं ना कुणाचं टक्कल करते आणि परत केस लावते.

तुम्ही रंगवलेला बागेचा पडदा जागच्या जागी आहे. उतरवला नाही. हिरवं कापड त्याच्यावरूनच सोडलंय. पंखा लावला की कापड हलतं आणि खालून तुमच्या बागेतल्या जिन्याच्या दोन पायऱ्या दिसतात.

तब्येत सांभाळा. रंगासाठी सरस उकळताना खिडकी उघडी ठेवा, तुमचा खोकला मला माहीत आहे.

कावेरी


सामरवरणी
१२ डिसेंबर

अहो,

उत्तर नाही. ठीक आहे. तुम्ही रुसलात की बोलत नाही, हे मला लग्नाच्या पहिल्या आठवड्यातच कळलं होतं, तेव्हा भाजीत मीठ जास्त झालं होतं. या वेळी काय जास्त झालं तेवढं तरी सांगा.

मी तुम्हाला विचारूनच संगणक आणला होता. तुम्ही मान हलवलीत. आता ती मान होकाराची होती की ऐकू आलं नाही म्हणून हलली, हे कोण सांगणार? ज्या दिवशी हिरवं कापड लावलं त्या दिवशी तुम्ही स्टूलवर बसून नुसते बघत होतात. मी म्हटलं, कसं वाटतं? तुम्ही म्हणालात, "यात काही काढलेलंच नाही." बस, तेवढंच. मग मारुती निघाला.

काय करणार होते मी? पोरं दारातून तुमची बाग बघायची, हंस बघायची आणि हसायची. खानवेलचे लोक अजून प्रेमाने बसायचे तुमच्या जिन्याशी. पण खानवेलहून बसने इथे यायचं ते कशाला, मोबाइलवर फुकट फोटो निघतो. दुकान बंद पडू द्यायचं का? तुम्हाला बाग राखायची होती, मला बागेपुढे बसणारी माणसं राखायची होती. एवढाच फरक आपल्यात. यासाठी एवढं लांब जाऊन बसायचं नसतं.

आज एक गोष्ट ध्यानात आली ती सांगते. एका पोराला समुद्राकाठी उभं केलं. समुद्र सुंदर, पोरगा सुंदर, कड स्वच्छ. तरी फोटो चिकटवल्यासारखा दिसत होता. बराच वेळ बघत बसले. मग कळलं, समुद्रावर ऊन उजवीकडून येतंय आणि पोराच्या तोंडावर उजेड डावीकडून, आपल्या खिडकीचा. शिवाय क्षितिज त्याच्या गुडघ्यावर, म्हणजे पोरगा झाडावर चढून फोटो काढल्यासारखा. तेव्हा मला तुमची बाग आठवली. खांबांची सावली उजवीकडे पडलेली, कारण खिडकी डावीकडे. तळ्याची रेघ बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीला. आणि मध्ये सगळं मळभ, म्हणजे तोंड पुढे यावं. इतकी वर्षं मी तिथे माणसं बसवली आणि फोटो आपोआप चांगले येतात असं समजत राहिले.

तेव्हा सांगितलं असतंत तर चार लोकांत मिरवलं असतं मी.

कावेरी


सामरवरणी
२ जानेवारी

अहो,

  शेवटी सगळं निभावलं आहे, हे आधीच सांगते, म्हणजे तुम्ही घाबरून वाचणार नाही.

मागच्या आठवड्यात शीतल आली होती. आपल्या चाळीमागे खोल्या आहेत ना, तिथे नवीन आलेली. डिसेंबरातच लग्न झालं. नवरा संजू सायलीला प्लास्टिकच्या कारखान्यात आहे, मशीनवर. दोघं आपल्याच बाजूची. संजूला सुट्टी मिळेना, कारण पाळीवर पाळी. गावाकडे सासूने मागणी केली होती की सुनेचा मोठा फोटो फ्रेम करून पाठवा, ओटीवर लावायचाय. म्हणून ती एकटीच आली. लाल शालू, कोपरापर्यंत भरलेला हिरवा चुडा, आणि अशी लाजत की मान वर करेना. म्हणाली, "काकी, मागे बंगला ठेवा ना. सफेदवाला. चालसे ना?"

दुकानात गर्दी होती. मी तिला हिरव्या कापडापुढे बसवलं, हात मांडीवर एकावर एक, पदर मंगळसूत्रावरून नीट. फोटो काढला. नंतर संगणकात हिरवा काढला, पांढरा बंगला घातला. केसांभोवती कड राहत होती म्हणून पट्टी सरकवली, आणखी सरकवली. कड गेली. मग बघते तर मनगटांवर पांढरे पट्टे, हात मधून तुटल्यासारखे. मला वाटलं कापायला चुकले, हातच कापला गेला. पुढे तीन गिऱ्हाइकं उभी. मी बाजूच्या कातडीचा रंग उचलला आणि भराभर हात जोडून दिला. कोपरापर्यंत गुळगुळीत, सुंदर. अहो, मी हात जोडत होते. त्या हातावर काय होतं हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

हिरव्या कापडापुढे हिरवा चुडा. संगणकाला कापड आणि काच यांतला फरक कसा कळावा? हिरवा काढ म्हटलं, त्याने काढला. बांगड्यांच्या जागी मागचा बंगला दिसत होता, आणि मी त्या बंगल्यावर कातडी फासली.

फ्रेम झाली, मी ती कागदात बांधून दिली, आणि कुणी गावी जाणारा होता त्याच्याबरोबर न उघडताच गेली. आणि तिकडे संजूच्या आईने, कमळाबाईंनी, फ्रेम उघडली. नव्या नवरीचे हात मोकळे.

पुढचं तुम्हीच ओळखा. त्यांनी संजूला फोन लावला. कारखान्यात फोन आत नेऊ देत नाहीत, तो कपाटात वाजत राहिला. शीतलकडे वेगळा फोन नाही. कमळाबाईंनी मनाशी धरलं की पोराचं मशीनवर काहीतरी झालं आणि हे लोक आपल्यापासून लपवतात, पण फोटोने सांगितलं. त्या फ्रेम पदरात गुंडाळून बसमध्ये बसल्या. सकाळी शीतल पाणी भरत होती, तर चाळीच्या तोंडाशी ही बाई उभी, डोळे सुजलेले. "मना पोऱ्या कोठे शे?" एवढंच विचारत होत्या. माझा पोरगा कुठे आहे, माझा पोरगा कुठे आहे. शीतलने चुड्याचे हात पुढे केले, तर ते हातात धरून मटकन खालीच बसल्या.

संजू पाळीवरून आला तो सायकल फेकून धावत. आईने त्याला डोक्यापासून पायापर्यंत चाचपलं, मग एक ठेवून दिली. मी तिथेच होते. आरडाओरडा ऐकून सगळी चाळ जमली होती. फ्रेम बघितली आणि मला कळलं. मी म्हटलं, ही माझी चूक आहे.

त्या लगेच दुकानात आल्या. म्हणाल्या, "दखाड. बांगड्या कोठे ग्यात ते माले दखाड." दाखव म्हणाल्या, कुठे गेल्या बांगड्या. तोंडाने सांगून त्यांना पटेना. मग मी कॅमेरा तिकाटण्यावर लावला, स्वतः हिरव्या कापडापुढे बसले, माझ्या हिरव्या बांगड्यांचे हात पुढे धरले आणि संजूला बटण दाबायला लावलं. संगणकावर फोटो घेतला, म्हटलं, बघा, आता आहेत ना बांगड्या? आता बघा. आणि हिरवा काढला.

माझ्या बांगड्या गेल्या.

मी कमळाबाईंना समजावून सांगत होते, आणि समोर माझेच हात मोकळे. माझंच तोंड, माझंच कुंकू, माझेच ते सुरकुतलेले हात, आणि त्यावर काही नाही. मला सगळं माहीत होतं. मीच करून दाखवत होते. तरी मी मनगटावरच्या बांगड्या चाचपून बघितल्या. चार महिने मी तुमच्यावर चिडलेली आहे असं स्वतःला सांगत होते. त्या क्षणी राग कुठल्या कुठे गेला आणि नुसती भीती राहिली. मी मनातल्या मनात देवाला म्हणत होते, ते बरे आहेत, मोर काढतायत, लखनने बघितलंय.

कमळाबाई माझ्याकडे बघत होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "तुना धनी कोठे शे?"

मी म्हटलं, "कामाला गेलेत. येतील."

त्यांनी संगणकाकडे हात केला आणि म्हणाल्या, "पुसी टाक ते." पुसून टाकलं.

मग त्यांनी पंख्याने हललेलं कापड बघितलं आणि खाली पायऱ्या बघितल्या. म्हणाल्या, हे काय मागे? मी हिरवं कापड वर सारलं. तुमची बाग बघून त्या म्हणाल्या, "आठे बठाड तिले." इथे बसव तिला.

शीतलला तुमच्या जिन्याशी बसवलं. खिडकीचा उजेड डावीकडून, फक्त एक पांढरी चादर उजवीकडे धरली. संजू पण शेजारी उभा राहिला, कारखान्याच्या निळ्या कपड्यांतच. चुड्यातली एकेक बांगडी वेगळी दिसते. संगणकात काहीही केलं नाही. कमळाबाई हा नवा फोटो फ्रेम करून घेऊन दुपारच्या बसने गेल्या.

तुम्ही बरे आहात ना? एवढं तरी कळवा. एक ओळ पुरे.

कावेरी


सामरवरणी
२५ जानेवारी

अहो,

ओळ आली नाही. लखन म्हणतो, काका पत्रं वाचतात, परत परत वाचतात, खिशात ठेवतात. मग खिशातून पेन पण काढा की. देव तेवढंच द्यायला विसरला वाटतं.

चूक एकदा झाली, परत नको म्हणून उपाय शोधतेय. हिरव्या चुड्याला, हिरव्या शालूला, डोहाळजेवणाच्या हिरव्या साडीला हिरवं कापड चालणारच नाही. आपल्या बायकांचं अर्धं सौभाग्य हिरवं, आणि मी बाजारातून त्याच रंगाचं भूत आणून भिंतीवर टांगलं. दुसरा रंग निळा. माणसाच्या कातडीत निळाही नसतो, म्हणून तो काढता येतो. मग निळ्या कपड्यांतल्या कारखान्याच्या पोरांना हिरव्यापुढे आणि चुड्याच्या बायकांना निळ्यापुढे, असं ठरवलं.

सिल्वासाच्या बाजारातून निळं कापड आणलं. पण ते चकाकतं. दिवा लावला की मध्ये पांढरा डाग पडतो आणि कडेला काळपट. एका कापडात चार निळे. एक निळा काढला की बाकीचे राहतात, सगळे काढायला जावं तर शालूची जांभळी किनार जाते. दिवा लांब नेला, जवळ आणला, दिव्यावर पांढरा कागद बांधला. कापड निर्लज्ज आहे, चमकायचं ते चमकतंच. सध्या चुड्याच्या बायका आल्या की सरळ तुमच्या बागेत बसवते. पण बागेच्या रंगाची जुन्या घड्यांवर खपली निघतेय, हंसाची मान अर्धी गेली. बायकांना बंगलाच हवा असतो, आणि मी त्यांना मानमोडका हंस देते.

एक गोष्ट सांगते, हसू नका. आता लोक येतात आणि म्हणतात, नवरा गावाला आहे, त्याचा हा फोटो, माझ्या शेजारी बसवून द्या. कुणाचा बाप वारलेला, त्याला नातवाच्या मागे उभा करायचा. मी करून देते. जुना फोटो स्वच्छ करायचा, कड कापायची, दोघांचा रंग एकसारखा करायचा, पायाखाली सावली घालायची. माणसाचीच आकृती घ्यायची, काळी करायची, आडवी पाडायची, धूसर करायची. सावली नसली तर माणूस हवेत लटकतो. लोक फोटो घेऊन जाताना डोळे पुसतात. मला वाटतं मी चांगलं काम करते.

परवा आपल्या लग्नाचा वाढदिवस होता. शेजारचे वाळूभाऊ टेलर म्हणाले, "वहिनी, माधवभाऊंना पण बसवा ना शेजारी, तुम्हाला काय अवघड." मी हसले. नंतर दार लावून बसले खरंच. तुमचा आधार कार्डाचा फोटो होता, आणि सोनीच्या लग्नातला. आपल्या मुलीच्या लग्नात तरी तुम्ही हसला असाल म्हणून तो घेतला. तिथेही नाही हसलात. कड कापली, कानामागची पण. तुम्हाला माझ्या शेजारी ठेवलं. रंग जुळवला. फक्त सावली घालायची राहिली होती.

नाही घातली. ज्यांची माणसं खरोखर येऊ शकत नाहीत त्यांच्यासाठी मी सावली घालते. तुमची घालायला माझा हात वळेना. तुमची सावली तुम्ही घेऊन यायची.

काय लपवायचं आता, मला तुमची फार आठवण येते. तुम्ही काही बोलत नाही, ऐकत नाही, सरसाचा वास घरभर करता, तरी फार येते.

कावेरी


सामरवरणी
१९ फेब्रुवारी

अहो,

काल लखनने बसच्या टपावरून मोठी गुंडाळी उतरवली. म्हणाला, काकाने दिलीय. मी म्हटलं, पत्र? तो म्हणाला, "पत्र नाही. बोलले काहीच नाही. दोरी नीट बांध म्हणाले फक्त."

मला वाटलं, नवी बाग असेल. माझ्या पत्रातल्या हंसाचं वाचून नवे हंस काढून पाठवले असतील. दुकानात गुंडाळी जमिनीवर ठेवली, एक हात उघडली. निळं. आणखी उघडली. निळंच. मी जिना शोधत होते. पार शेवटापर्यंत उलगडली, दुकान पुरेना म्हणून दाराबाहेर ओसरीवर गेली, आणि सगळं निळं. कुठे तळं नाही, खांब नाही, फूल नाही, ढग नाही.

मग मी गुडघ्यावर बसून त्याच्यावर हात फिरवला. जाड मांजरपाट, त्याला सरस आणि खडूची खळ, वर पावडरचा रंग. खडूमुळे एवढासुद्धा चकाकत नाही. मी हातातला दिवा लावून सगळीकडून बघितला, डाग पडत नाही. या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच निळा. तुम्हाला ब्रशाचा फटकारा लपवायचा नसतो, तुम्ही तर पानापानांत दाखवायचात. इथे एकही फटकारा सापडला नाही. किती हात दिले असतील? वाळेपर्यंत थांबायचं, परत द्यायचा, परत थांबायचं. लखन म्हणाला, शाळेच्या हॉलमध्ये अंथरून करत होते, पोरांना पाय ठेवू देत नव्हते.

तुम्ही म्हणाला होतात, यात काही काढलेलंच नाही. जन्मभर कापडावर झाडं, पाणी, पायऱ्या काढणाऱ्या माणसाने माझ्यासाठी काहीच न काढता एवढं मोठं कापड रंगवलं. मी ओसरीवर बसून रडले. लखन गडबडला, पाणी घेऊन आला. मी म्हटलं, रंगाची पावडर डोळ्यात गेली.

फोटो काढून बघायला माझा हात शिवशिवतोय. शीतल सकाळपासून दोनदा येऊन गेली, तिला तो पांढरा बंगला अजून हवाच आहे. पण पडदा अजून टांगलेला नाही. बांबू आणला, पडदा त्याला शिवून घेतला. आता एवढा लांब बांबू वर चढवायचा तर दोन्ही टोकांना माणूस लागतो. एकाने धरून चालत नाही, मधे वाकलं की खळीला भेग पडेल आणि तुमचं सगळं काम वाया जाईल.

वाळूभाऊ शिलाई सोडून आले. म्हणाले, "वहिनी, दुसरं टोक मी धरतो."

मी त्यांना चहा पाजला आणि परत पाठवलं.

कावेरी